तारीख विचारली म्हणजे नोटीस दिली का?

हिंगणा रोडवर आमच्या गल्लीत बातमी पोचायला मेट्रोपेक्षा कमी वेळ लागतो. माझ्या भाचीने तिच्या मित्राला, म्हणजे ज्याच्याशी निकाह होईल असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो त्या मुलाला, अमुक तारखेपर्यंत काय ते सांग असं म्हटलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आपा दारात. "सुना तुम्हारी लडकी ने लडके को नोटिस दे दी?" मी म्हटलं, नोटीस नाही दिली, तारीख विचारली. त्या म्हणाल्या, "एकही बात है ना बाई. लडकीवालों को ऐसा अच्छा नहीं लगता."

एकच गोष्ट नाही. आणि आपांच्या तोंडून जे निघालं ते आपल्याकडे शिकले-सवरलेले लोकही मनात धरून बसलेले असतात, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या समाजात मुलीला थांबवून ठेवायला कोणी दांडगाई करत नाही. फार गोड शब्दांत थांबवतात. बहिणीचं होऊ दे. वरचा मजला बांधून होऊ दे. अब्बूंचं ऑपरेशन होऊ दे. आणि प्रत्येकाच्या शेवटी इंशाअल्लाह. दोन वर्षांत आम्ही तो शब्द इतक्या वेळा ऐकला की माझ्या बहिणीने एकदा वैतागून म्हटलं, आमच्याकडे इंशाअल्लाहचा अर्थ 'नाही' असाच होतो. तिने तौबा केली लगेच, पण बोलून गेली ते खरं होतं.

सूरह कहफची ती आयत (18:23-24) काढून बघा. तिथे सांगितलं आहे की मी अमुक काम उद्या करीन असं अल्लाहची मर्जी जोडल्याशिवाय म्हणू नये. आयतीत काम आहे, दिवस आहे, आणि मग इंशाअल्लाह आहे. आम्ही काम गाळलं, दिवस गाळला आणि फक्त शेवटचा शब्द ठेवला. तारीख ठरवणाऱ्याने अल्लाहचा हात आहे हे विसरू नये म्हणून जो शब्द शिकवला, तो तारीख न ठरवण्यासाठी वापरायचा, ही आपली करामत. मौलवीसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात कधी यावर बोलावं. हुंड्यावर बोलतात, डीजेवर बोलतात, यावर नाही बोलत.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते, कारण नुसतं तावातावाने लिहून काही होत नाही.

भाची नागपुरात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. मुलगा हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. ओळख कशी झाली, कुठे झाली यात मी जात नाही. ज्यांना "पहिले बोललीच काहून" असं विचारायचं आहे त्यांनी हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडून निकाहची विचारणा कोणी नेली, ते एकदा सीरतच्या पुस्तकात वाचून यावं. नफीसा नावाची बाई गेली होती, आणि विचारणा बाईच्या बाजूने होती.

मे महिन्याच्या शेवटी पुण्याच्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं. निवड झाली होती. येणार की नाही ते 30 जूनपर्यंत कळवायचं, आणि गेल्यावर दोन वर्षांचा बाँड. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, खाला, मी त्याला आजच मेसेज टाकते. आणि तिने मला मोबाइलवर लिहिलेलं दाखवलं. "दोन वर्षं झाली. 22 तारखेपर्यंत सांग, नाहीतर सगळं संपलं. मग मला फोन करू नकोस."

शेजारच्या आपा ज्याला नोटीस म्हणतात, ती ही होती. मी तिला पाठवू दिली नाही. मी घाबरून थांबवलं नाही. त्या तीन वाक्यांत चार खोट्या गोष्टी होत्या, म्हणून थांबवलं.

पहिली, काय सांगायचं ते त्यात नव्हतं. प्रेम आहे का ते सांग? निकाह करणार का ते सांग? कधी करणार ते सांग? तो रात्री दहा वाजता शिफ्टहून आला की "मी तुझाच आहे ना" एवढं लिहून झोपला असता, आणि उत्तर दिलं असं त्याला वाटलंही असतं. दुसरी, 22 तारीखच का, ते त्यात नव्हतं. कारण न दिलेली तारीख माणसाला आपल्या डोक्यावर ठेवलेली वाटते. तिसरी, 'नाही' म्हणायला जागाच ठेवली नव्हती. 'हो' म्हण, नाहीतर शिक्षा. आणि चौथी, मला सगळ्यात जास्त खटकलेली. ते खरं नव्हतं. याआधी तीन वेळा तिने "संपलं" म्हटलं होतं आणि तीनही वेळा दुसऱ्या रात्री त्याचा फोन उचलला होता. त्याला ते माहीत होतं. जी धमकी तुम्ही पाळणार नाही ती देऊन तुम्ही समोरच्याला एकच गोष्ट शिकवता, की तुमच्या तारखेला किंमत नाही.

ती म्हणाली, मग काय, विचारूच नको? तुम्ही पण अम्मीसारखंच बोलता.

अजिबात नाही. विचार, पण जे खरोखर विचारायचं आहे तेच विचार. आम्ही चहा ठेवला आणि अख्खी दुपार त्यावर घालवली. मी तिला आधी एकच प्रश्न केला. तो 'नाही' म्हणाला, खरं खरं नाही म्हणाला, तर तू ते ऐकून घेशील का? ती खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, रडेन, पण घेईन. मी म्हटलं, बस, मग तू विचारायला मोकळी आहेस. कारण ज्याला एकच उत्तर चालणार असतं तो विचारत नसतो, तो वसुली करत असतो.

मग तारीख. पत्राची मुदत 30. उत्तर मिळाल्यावर घरच्यांशी बोलायला, सामानाचं बघायला आठ दिवस हवेत. म्हणून 22. तारीख अशी कशातून तरी निघाली पाहिजे, आणि ज्यातून निघाली ते समोरच्याला दाखवता आलं पाहिजे. रागातून निघालेली तारीख दाखवता येत नाही. त्याचा ओव्हरटाइम संपायच्या आत, त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, असं बघून धरलेली तारीख तर सरळ सरळ अडवणूक आहे.

मग मागणी. इथे तिची आणि माझी जरा वादावादी झाली. तिला निकाहची तारीख हवी होती. मी म्हटलं, ती त्याच्या एकट्याच्या हातात नाही. मुहर्रम तोंडावर, हॉल, पैसा, दोन्हीकडचे मामू-चाचा, शंभर गोष्टी. जे त्याच्या एकट्याच्या हातात आहे तेवढंच माग. ते काय? आपल्या घरी तुझं नाव घेणं आणि तुझ्या अब्बूंकडे माणसं पाठवणं. एवढं करायला हॉल लागत नाही. हिंमत लागते.

रविवारी, बकरीदच्या आधीच्या रविवारी, मी मुलाला आमच्याकडे चहाला बोलावलं. ईदच्या गर्दीत नको, भांडणात नको, रात्रीच्या मेसेजवर तर नकोच. बैठकीचं दार उघडं, मी स्वयंपाकघरात. तिने जे म्हटलं ते मला तिथून ऐकू येत होतं, आणि आम्ही ठरवलेलं असल्यामुळे पाठही होतं. साधारण असं:

"पुण्याला मला 30 जूनपर्यंत कळवायचं आहे. गेले तर दोन वर्षं तिथेच. त्याआधी मला एवढंच कळायला हवं की तू घरी आपलं सांगणार आहेस का, आणि तुझ्या घरून आमच्याकडे माणसं येणार आहेत का. निकाह कधी ते नंतर बघू. 22 पर्यंत सांगितलंस तर मला आठवडा मिळतो. ही तारीख तुला अडचणीची असेल तर दुसरी सांग, पण 30 च्या आतली. नाही असेल तर नाही सांग, मी भांडणार नाही. आणि काहीच कळलं नाही तर मी पुण्याला हो कळवीन."

शेवटचं वाक्य परत वाचा. "संपलं" आणि "मी पुण्याला हो कळवीन" यात फरक आहे. पहिल्यात ती त्याचं काहीतरी करणार होती. दुसऱ्यात ती स्वतःचं काय करणार आहे ते सांगते आहे, आणि ते ती करणारच होती. हे त्याच्यापासून लपवून ठेवलं असतं आणि 1 जुलैला बॅग भरली असती, तर तो म्हणाला असता, मला आधी सांगायचं ना. आणि बरोबर म्हणाला असता.

मला कोणीतरी म्हणेल, बाई, शब्द गोड केले, पण आहे ते अल्टिमेटमच. यावर मी थांबून विचार केला आहे. आणि विचार करताना मला सूरह अहजाबची 28 आणि 29 वी आयत आठवत राहिली.

घरखर्चाच्या मागणीवरून प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या पत्नींपासून महिनाभर वेगळे राहिले. मग आयती आल्या. दुनियेची शोभा हवी असेल तर या, तुम्हाला काही देऊन भल्या रीतीने निरोप देतो. अल्लाह, त्याचा प्रेषित आणि आखिरतचं घर हवं असेल तर त्याचा मोबदला मोठा आहे. असा तो पर्याय. प्रेषित (स.) सगळ्यात आधी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे गेले. आणि आयती ऐकवण्याआधी त्यांनी काय सांगितलं ते हदीसमध्ये आहे: मी तुझ्यापुढे एक गोष्ट ठेवतो, घाई करू नकोस, आईवडिलांशी सल्लामसलत करून घे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हे आलं आहे.

आपल्याकडे ही गोष्ट सांगतात तेव्हा आयशांच्या उत्तरावर थांबतात. यात आईवडिलांना काय विचारायचं, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे अल्लाह, रसूल आणि आखिरत निवडली. सुंदर उत्तर आहे. पण मला विचारण्याची रीत बघायची आहे. निर्णय मोठा होता, यापेक्षा मोठा संसारात असतो का? दोन वाटा स्पष्ट ठेवल्या. निघून जाण्याची वाटसुद्धा इज्जतीची ठेवली, काही देऊन, भल्या रीतीने. आणि सल्ला घ्यायला वेळ दिला, तोही आईवडिलांचा, जे तिच्या बाजूचे. अल्टिमेटम देणारा कधी म्हणेल का, जा, तुझ्या माणसांना विचारून ये?

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे तारीख नव्हती, उलट घाई करू नकोस असं होतं. मान्य. पण मुदत आपल्या दीनला परकी आहे असं कोणी म्हणू नये. नवऱ्याने बायकोजवळ न जाण्याची कसम खाल्ली तर सूरह बकरा (2:226-227) त्याला चार महिने देते. चार महिन्यांत परत ये, नाहीतर तलाक. ईला म्हणतात त्याला. इस्लामपूर्व अरबांत अशी कसम खाऊन बाईला वर्षानुवर्षं ना बायको ना मोकळी असं टांगून ठेवत. कुरआनने पुरुषाच्या टाळाटाळीला तारीख लावली. आणि सूरह निसामध्ये (4:129) एकीला लटकलेली ठेवू नका असं सांगताना जो शब्द वापरला, मुअल्लका, तो आपल्या कितीतरी मंगनी झालेल्या मुलींना लागू पडतो. मंगनीला निकाहचे हक्क नाहीत, शरियतमध्ये तो एक वायदाच आहे, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त जपायला हवं. बायकोला निदान कुठे दाद मागता येते. मंगनीवालीला कोण विचारतं? आणि दुसऱ्याच्या विचारणेवर विचारणा करू नये ही हदीस आहे, तो सोडून देईपर्यंत. म्हणजे अडकवून ठेवणारा फक्त स्वतः थांबत नाही, बाकीची दारंही बंद करून बसतो.

असो. त्या रविवारी मुलगा काय म्हणाला? तो म्हणाला, 22 नाही जमणार. भाईजान 24 ला सौदीहून येतात, त्यांच्याशिवाय अम्मीपुढे मी बोलू शकत नाही. 27 पर्यंत दे.

भाचीने स्वयंपाकघराकडे बघितलं. मी बघितलं नाही. तिने दिली.

बहिणीला हे आवडलं नाही. म्हणाली, बघा, ढकलली परत. पण ढकलणं आणि वेळ मागणं यात मी एक खूण बघते. या वेळच्या कारणाला शेवट होता. विमानाचं तिकीट होतं, दिवस होता, आणि भाऊ आल्यावर तो काय करणार ते त्याने सांगितलं होतं. "वरचा मजला होऊ दे" याला शेवट नसतो, मजला झाला की रंग असतो. समोरच्याने कारण देऊन दुसरी तारीख मागितली तर ती एकदा द्यावी. सूरह कससमध्ये (28:27-28) हजरत मूसा (अ.) यांना सासऱ्यांनी निकाहच्या बदल्यात आठ वर्षं काम सांगितलं, दहा केलीस तर तुझी मर्जी, आणि तुला त्रासात घालायचं नाही असंही म्हटलं. मूसांनी दोन्ही मुदती परत बोलून दाखवल्या, की यातली कुठलीही पुरी केली तरी माझ्यावर जोर नको, आणि अल्लाहला साक्षी ठेवलं. दोघांच्या तोंडून मुदत निघाली. ज्या तारखेत दुसऱ्याचाही शब्द असतो ती नोटीस राहत नाही. पण दुसऱ्यांदा, नवीन कारणाने मागितली असती तर मी भाचीला देऊ नकोस म्हटलं असतं. कारण बदलत राहिलं की समजावं, कारण दुसरंच आहे.

मधले दिवस फार वाईट गेले. तिला सारखं विचारावंसं वाटायचं, बोलला का, काय म्हणाले. मी म्हटलं, रोज आठवण केलीस तर 27 तारीख राहत नाही, रोजचीच तारीख होते. भाभीमार्फत निरोप नको, त्याच्या मित्राला विचारणं नको, स्टेटसला शेर टाकणं तर मुळीच नको. 25 ला एकदा, एका ओळीचं, "शुक्रवारी बोलू ना?" एवढंच. ते तिने पाळलं. गल्लीने पाळलं नाही, ते वर सांगितलंच.

इथे एक गोष्ट आडून सांगून टाकते. हेच वाक्य जास्त जोर असलेल्याने कमी जोर असलेल्याला म्हटलं तर मी त्याला तारीख म्हणणार नाही. बाप मुलीला म्हणतो, शुक्रवारपर्यंत या रिश्त्याला हो सांग. कसलं विचारणं ते? तिच्या 'नाही'ला घरात जागा आहे का ते आधी सांगा. खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी मर्जीविरुद्ध लावला तर प्रेषितांनी (स.) तो रद्द केला. आणि मुलगा मुलीचे फोटो दाखवून तारीख देतो, तो गुन्हा आहे, पोलिसात जा. उलट बाजूने, लग्नाचं वचन मोडलं तर केस करीन असं सांगून होकार काढू पाहणाऱ्याही मला भेटल्या आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम 69 हे 1 जुलै 2024 पासून खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्यासाठी आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याने फसवलं त्याच्यावर जरूर लावा. पण हवालदाराच्या भीतीने "कुबूल है" म्हणणाऱ्याबरोबर संसार करायचा आहे का तुम्हाला?

27 ला जुम्म्यानंतर तो आला. एकटाच. मी दारातच ओळखलं. चपला काढताना खूप वेळ लावला त्याने.

त्याने सांगितलं की अम्मीने त्याच्या मामूंच्या मुलीसाठी शब्द दिला आहे. कधी? भाचीने विचारलं. तो म्हणाला, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे आठ महिने झाले होते. भाईजान आले, त्यांनीही अम्मीचीच बाजू घेतली. मी मोडू शकत नाही, तो म्हणाला, आणि तुला सांगूही शकत नव्हतो.

ती भांडली नाही. तसं तिने त्याला आधीच सांगितलं होतं. चहा घेशील का विचारलं. तो नको म्हणाला.

संध्याकाळी आपा परत आल्या. "बोला था ना मैंने? ज्यादा कसने से टूटता है." मी त्यांना विचारलं, आपा, आठ महिन्यांपूर्वी तुटलेलं आता कसून कसं तुटेल? त्या म्हणाल्या, फिर भी. या 'फिर भी'शी माझं भांडण आहे. त्यांच्या हिशोबाने माझ्या भाचीने आणखी दोन वर्षं इंशाअल्लाह ऐकत बसायचं होतं, पुण्याची जागा घालवायची होती, आणि एक दिवस कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर त्याच्या निकाहची दावत बघायची होती. त्यात तिची शराफत राहिली असती म्हणे.

28 ला सकाळी तिने पुण्याला ईमेल केला. दुपारी आम्ही दोघी लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला गेलो, तिला एक मोठी बॅग घ्यायची होती. तिने निळी घेतली. मला काळी बरी वाटत होती.